दुकानातील घासाघीस आणि सवलतीचे कारण

डिचोलीच्या बाजारपेठेत कापडाचे दुकान चालविणाऱ्या व्यापाऱ्याला दोन बाजारांशी रोज सामना करावा लागतो. एक बाजार त्याच्या दारातला, म्हणजे बुधवारचा आठवडी बाजार. दुसरा घाटावरचा. साखळी, केरी आणि चोर्ला घाट ओलांडून बेळगावी जावे, लग्नाचे कापड एका दिवसात घेऊन यावे, ही आपल्या भागातील कुटुंबांची जुनी चाल आहे. म्हणून आपल्या गादीवर बसलेले गिऱ्हाईक साडीचा पदर बोटांत धरून “म्हारग जालें, शेट, इल्लें उणें करात” असे म्हणते, तेव्हा त्याच्या मनात बहुधा बेळगाव असते. आणि बेळगाव नसले तर म्हापशाचा शुक्रवार असतो.

या प्रसंगी व्यापाऱ्याचे दोन प्रकारे नुकसान होते. एक तर तो तुटक उत्तर देतो आणि गिऱ्हाईक दुखावून उठते. नाही तर भिडेखातर तो भाव सोडतो. गिऱ्हाईक हसतमुखाने जाते, परंतु त्या विक्रीत दुकानाचे भाडे व नोकरांचा पगारही सुटत नाही. या दोन्हींच्या मधला मार्ग पुष्कळांना गोड बोलण्यात दिसतो. गोड बोलणे हवेच. पण प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचा खरा पाया निराळा आहे. गिऱ्हाइकाला राग नकाराचा येत नाही, नकाराच्या रीतीचा येतो. तसेच नफा सवलत दिल्याने बुडत नाही, विनाकारण दिलेल्या सवलतीने बुडतो. ज्या सवलतीला गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसणारे कारण आहे, ती थोडी असली तरी त्याला पुरते. आणि जिला कारण नाही, ती कितीही मोठी असली तरी “आणखी थोडे ताणले असते तर आणखी मिळाले असते” ही हुरहूर त्याच्या मनात ठेवून जाते.

प्रथम हिशेब पाहू, कारण हा हिशेब पाठ असल्यावाचून गल्ल्यावर शांत राहता येत नाही. समजा, आहेराची एक साडी वाहतूक व हमाली धरून आपल्या घरात ८०० रुपयांना पडली. आपण तिच्यावर २०० रुपये चढवून विक्रीची किंमत १,००० ठेवली आणि ५ टक्के वस्तू व सेवा कर मिळवून चिठ्ठीवर १,०५० लिहिले. या व्यवहारात आपण २५ टक्के मिळवतो असे आपले तरुण बंधू सांगतात. ते खरेदीवरचे २५ टक्के होत. विक्रीवर ते २० टक्केच आहेत. आणि गिऱ्हाईक सवलत मागते ती खरेदीवर नव्हे, विक्रीवर. “दहा टक्के सोडा” असे ते म्हणाले आणि आपण सोडले, तर कर वजा जाता आपल्या हाती ९०० येतात. २०० चा ढोबळ नफा १०० वर येतो. म्हणजे दहा टक्के सोडले असे वाटते, वस्तुतः अर्धा नफा सोडलेला असतो; आणि पूर्वीइतकेच मिळवायचे तर एका साडीच्या जागी दोन विकल्या पाहिजेत. त्या १०० रुपयांतून भाडे, वीज, पगार, भांडवलाचे व्याज आणि वर्षअखेर पडून राहणाऱ्या मालाची तूट भागवायची आहे, हे तर आणखी निराळेच.

याला एक मर्यादा आहे, तीही सांगणे प्राप्त आहे. भाडे आणि पगार हे एक साडी न विकल्याने वाचत नाहीत. म्हणून दोन पावसाळे पाहिलेला माल, घडीवर रंग उडू लागलेला माल, खरेदीच्या किमतीजवळ काढणे शहाणपणाचे ठरते. अशा मालात अडकलेला पैसा मोकळा होणे हाच नफा. परंतु असा माल वेगळा मांडावा, त्यावर उघड कमी किंमत लिहावी आणि कारणही सांगावे. जुन्या मालाचा भाव नव्या मालाला लागू करण्याची सवय एकदा नोकरांना लागली की ती सुटत नाही.

आता चिठ्ठीविषयी. आपल्यातील जुन्या पेढ्यांवर खरेदीची किंमत मालावर सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची रीत होती, आणि काही ठिकाणी ती आजही आहे. दहा निरनिराळ्या अक्षरांचे एखादे वाक्य घ्यावयाचे आणि त्यांना क्रमाने एक ते नऊ व शून्य हे अंक द्यावयाचे. उदाहरणासाठी ‘सदा कमळ वनी तू रहा’ हे वाक्य घेऊ. काना-मात्रा सोडल्या तर यात स, द, क, म, ळ, व, न, त, र, ह अशी दहा अक्षरे येतात व एकही दोनदा येत नाही. तेव्हा स म्हणजे एक, त म्हणजे आठ, ह म्हणजे शून्य. एकच अंक लागोपाठ आला तर तो चटकन ओळखू येऊ नये म्हणून दुसऱ्या वेळी ‘य’ लिहावयाचा. या रीतीने ८०० चे ‘तहय’ झाले. घरातील मुलांनीसुद्धा अर्ध्या तासात ही लिपी आत्मसात करावी, इतकी ती सोपी आहे. आपले वाक्य मात्र आपणच बनवावे आणि ते दुकानाबाहेर जाऊ देऊ नये.

या जुन्या रीतीत एक भर घालणे हितावह आहे. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाला वाचता येईल असा विक्रीचा भाव ठळक अंकांत असावा, आणि सांकेतिक अक्षरांत खरेदीच्या किमतीखेरीज आणखी एक आकडा असावा, तो म्हणजे करासह शेवटचा भाव. वरील साडीसाठी तो १,०२० ठरविला तर ‘सहदह’ असे लिहावे. याचा मोठा लाभ असा की नोकराला गिऱ्हाइकासमोर “शेट, कितीला देऊ?” असे ओरडून विचारावे लागत नाही. तो प्रश्न ऐकताच गिऱ्हाइकाला दोन गोष्टी कळतात. एक, चिठ्ठीवरचा भाव खरा नाही. दुसरी, खरा भाव मालकाच्या मर्जीवर आहे. मग ते नोकराला सोडून मालकाकडे वळते आणि घासाघीस नव्याने सुरू होते. शेवटचा भाव मालकाने माल लावताना, डोके थंड असता ठरवावा. बुधवारी बारा वाजता, चार गिऱ्हाइके उभी असता ठरविलेला भाव बहुधा चुकतो.

यावर कोणी म्हणेल, शेवटचा भाव हाच जर आपल्याला परवडतो, तर तोच चिठ्ठीवर का लिहू नये? प्रश्न रास्त आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी नेमके हेच केले. जी किंमत घ्यायची नाही ती सांगणे त्यांना असत्य वाटले, म्हणून त्यांनी एकच भाव सांगण्याचा नियम धरला. आरंभी त्यांची गिऱ्हाइके तुटली; पण पुढे त्यांच्या दुकानात लहान मूल पाठविले तरी फसगत होत नाही अशी ख्याती झाली आणि व्यापार वाढला. आपल्या श्रावकाच्या दुसऱ्या अणुव्रताशी ही भूमिका जुळणारी आहे, आणि ज्याला शक्य असेल त्याने ‘एकच भाव’ ही पाटी अवश्य लावावी. फक्त ती खरी असावी. पाटी एक भावाची आणि ओळखीच्या माणसाला आतल्या खोलीत दुसरा भाव, असे झाले तर पाटी नसलेली बरी.

ज्याला ते शक्य नाही, त्याने निदान अंतर लहान ठेवावे. १,०५० ची साडी १,४०० ला लावून मग खाली उतरण्यात जो तोटा आहे तो नीट पाहिला पाहिजे. घासाघीस करणारे चतुर गिऱ्हाईक १,०५० लाच नेते. १,४०० देते कोण? जे विचारायला संकोचते ते. वयस्क माणूस, परगावचा मजूर, प्रथमच दुकानाची पायरी चढलेली नवी सून. म्हणजे चढ्या भावाचा सगळा भार दुकानावर सर्वांत जास्त विश्वास टाकणाऱ्यावर पडतो. शिवाय डिचोलीसारख्या गावात भाव लपत नाही. चवथीला दोन शेजारणी एकाच जातीची साडी नेसून भेटतात आणि अर्ध्या मिनिटात कोण किती रुपयांनी फसली हे निश्चित होते. त्या दिवशी गमावलेले गिऱ्हाईक कोणत्याही वहीत दिसत नाही. चिठ्ठीचा भाव आणि शेवटचा भाव यांत शेकडा तीनपेक्षा जास्त अंतर नसावे, असे आमचे मत आहे. आणि तेवढे अंतरही कारण घडल्यासच द्यावे.

येथून गल्ल्यावरच्या प्रत्यक्ष बोलण्याकडे येऊ. “म्हारग” हा एकच शब्द निरनिराळी माणसे निरनिराळ्या अर्थाने उच्चारतात, आणि अर्थ ओळखण्याआधी उत्तर देणे हीच बहुतेक दुकानदारांची अडचण असते. काही गिऱ्हाइकांना फसले जाण्याचे भय असते. “इतरांना कितीला देता?” असे ती विचारतात, दुसऱ्या गिऱ्हाइकाचे बिल चोरून पाहतात, चिठ्ठी उलटसुलट करतात. यांना पैसे कमी करून समाधान होत नाही. उलट कमी केले की संशय वाढतो. यांना खात्री द्यावी. “हाच भाव सर्वांना आहे, ही दुसरी साडी पाहा, हिच्यावरही तोच आकडा आहे,” असे म्हणून दोन-तीन चिठ्ठ्या त्यांच्या हाती द्याव्या. दुसरे काही जण खरोखर नडीत असतात. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्यंतरी सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, त्या काळात डिचोली तालुक्यातील ट्रकवाल्यांच्या व बार्जवर काम करणाऱ्यांच्या घरांत पैशाची जी ओढ झाली ती आपण सर्वांनी पाहिली. असे गिऱ्हाईक महाग साडी हातात धरते, पण डोळे स्वस्त साडीकडे दोनदा जातात. त्याला भाव कमी करून देण्यापेक्षा त्याच्या खिशाला बसणारा माल सन्मानाने पुढे करणे हे अधिक उपकारक. तिसरे गिऱ्हाईक केवळ सवयीने घासाघीस करते. माल त्याने मनात घेतलेला असतो, साडी त्याने मांडीवर ओढलेली असते आणि चेहऱ्यावर हसू असते. त्याला थोडा विजय हवा असतो, पैसा नव्हे.

नडलेल्याला स्वस्त माल दाखविताना फार जपावे लागते. “तुम्हांला परवडेल अशी दाखवतो” हे वाक्य कितीही चांगल्या मनाने उच्चारले तरी ते चारचौघांत माणसाची लाज काढते. “ही तुमच्यासाठी नाही” हे त्याहून वाईट. गिऱ्हाईक भाव सांगण्याआधीच, सुरुवातीसच, एका प्रकारच्या तीन प्रती शेजारी मांडाव्या, ८५० ची, १,०५० ची आणि १,४०० ची, आणि बोलणे कापडाविषयी करावे, माणसाविषयी नव्हे. हिचा धागा जाड आहे, रोजच्या वापरास टिकेल. हिचा काठ विणलेला आहे, छापील नाही. हिला पहिल्या धुण्यास मिठाचे पाणी लावा. मग स्वस्त साडी उचलली तरी ती ‘टिकेल’ म्हणून उचलली असे होते. पुष्कळ वेळा ‘महाग’ याचा अर्थ ‘या किमतीत काय विशेष आहे ते मला कळले नाही’ एवढाच असतो, आणि शेजारी ठेवलेली दुसरी साडी ते न बोलता समजावून देते.

बेळगावचे नाव निघाले असता बेळगावची निंदा करू नये. तेथील पेठ मोठी आहे, माल पुष्कळ आहे, हे गिऱ्हाइकाने डोळ्यांनी पाहिलेले असते. आपण नाकारले तर आपलीच किंमत कमी होते. “अवश्य पाहून या, वहिनी. ही साडी मी शनिवार संध्याकाळपर्यंत तुमच्या नावाने बाजूला ठेवतो,” असे म्हणावे आणि खरोखर ठेवावी. जाण्यायेण्याचा खर्च, दिवसाचा खोळंबा, तेथे घेतलेला माल बदलायचा तर पुन्हा घाट चढणे, हे सारे गिऱ्हाईक आपणच मोजते. ते आपण बोलून दाखविले तर मात्र ते वादाचे कारण होते.

आता एक उदाहरण आरंभापासून शेवटपर्यंत पाहू. लग्नघरातील दोन बाया आणि वराचा काका दुकानात आले. आहेराच्या बारा साड्या प्रत्येकी १,०५० प्रमाणे १२,६०० झाल्या. एक शालू ६,३०० चा निवडला. तो आपल्याला ४,५०० ला पडला होता. एकूण १८,९००. त्यात करापूर्वीची विक्री १८,००० आणि ढोबळ नफा साड्यांवर २,४०० व शालूवर १,५०० मिळून ३,९०० आहे. काका म्हणतात, “साडेसतरा हजार घ्या आणि बांधा.”

ऐकायला मागणी लहान वाटते. १८,९०० पैकी १,४०० म्हणजे साडेसात टक्केसुद्धा पुरते नाहीत. पण कर वजा करता ते १,३३३ रुपये ३,९०० च्या नफ्यातून जातात, म्हणजे नफ्याचा तिसऱ्या भागाहून अधिक. येथे पहिला नियम असा की एकूण आकड्यावर बोलणेच करू नये. एकूण आकडा गोल करण्याची ओढ दोन्ही बाजूंना असते आणि गोल करण्यात नेहमी दुकानदाराचेच जाते. बोलणे पुन्हा एकेका नगावर आणावे. “काका, साड्या बारा आहेत, एका जातीच्या आहेत, बाराला मी नगामागे तीस रुपये कमी धरतो. सहा घेतल्या असत्या तर धरले नसते.” हे कारण काकांना दिसते, उद्या शेजाऱ्याला सांगता येते, आणि तो शेजारी बारा साड्या घेईल तेव्हा त्यालाही आपण तेच देऊ शकतो. ३६० रुपये उतरले. बेरीज १८,५४० झाली.

शालूवर पैसे सोडू नयेत. शालू हा मनाने घेतलेला असतो आणि त्याची किंमत एकदा हलली की वधूच्या मनातील त्याचा मानही हलतो. त्याऐवजी शालूला फॉल व पिको आपल्या खर्चाने करून द्यावे. आपला कायमचा शिलाईवाला ते समजा शंभर रुपयांत करतो. लग्नघराला मात्र एक धावपळ वाचते, आणि धावपळीच्या दिवसांत तिचे मोल शंभरापेक्षा अधिक असते. जे आपल्याला थोडक्यात पडते आणि गिऱ्हाइकाला जास्त मोलाचे वाटते, ते आधी द्यावे, पैसा शेवटी.

काका पुन्हा म्हणतील, “वयले पाचशें चाळीस सोडात.” ते म्हणणारच, न म्हणतील तर घरी जाऊन त्यांना तोंड दाखवता येणार नाही. येथे गप्प राहणे उत्तम. घाईघाईने ‘नाही’ म्हणू नये आणि घाईघाईने अर्धेही देऊ नये. शालूची घडी नीट करावी, चहा मागवावा. मग सांगावे, “आहेराच्या साडीत दोन-तीन उरतातच. लग्नानंतर आठ दिवसांत घडी न मोडलेली साडी आणा, बदलून दुसरा माल देतो.” बारा साड्यांचा नेमका अंदाज कोणत्याच लग्नघराला नसतो, त्यामुळे ही गोष्ट त्यांना पाचशे रुपयांहून मोठी वाटते. आपल्याला ती बहुधा काही पडत नाही, कारण त्या साड्या नेहमी विकल्या जाणाऱ्या आहेत आणि पैसे परत करावयाचे नसून माल बदलून द्यावयाचा आहे. हंगामी किंवा एखाद्याच गिऱ्हाइकाच्या आवडीच्या मालाला मात्र हे वचन देऊ नये. शेवटी, पूर्ण रक्कम आत्ता रोख किंवा मोबाईलवरून देत असाल तर वरचे चाळीस सोडले, असे म्हणून १८,५०० वर बिल करावे. उधारीचे गिऱ्हाईक असते तर हे चाळीस सुटले नसते. कारण येथेही उघड आहे.

काय झाले ते पाहा. एकूण ४०० रुपये उतरले. कर वजा जाता ते ३८१ होतात, त्यांत फॉल-पिकोचे १०० मिळविले की ४८१. ३,९०० पैकी ३,४१९ राहिले. साडेसतरा हजारांना बांधले असते तर २,५६७ राहिले असते. ही साडेआठशेची तफावत कोणाला फसवून मिळालेली नाही. काकांना चार कारणांच्या चार गोष्टी मिळाल्या, आणि त्यांतील एकही त्यांना लपवावी लागत नाही.

सवलत बिलावर लिहावी. विक्रीच्या वेळी बिलावर दाखविलेली सूट वजा करूनच कराची रक्कम काढली जाते, म्हणून तोंडी सूट देऊन बिल पूर्ण रकमेचे फाडणे हा दुहेरी तोटा आहे. आणि “बिल नको, मग पाच टक्के सोडा” असे गिऱ्हाईक सुचवील तेव्हा नम्रपणे पण निश्चितपणे नकार द्यावा. तयार कपडे व वेष्टनातील माल यांवर छापलेली किंमत ही कमाल मर्यादा आहे; तिच्याहून कमी घेता येते, जास्त नाही, हे नोकरांनाही ठाऊक असावे.

येथे आपल्या शास्त्राचा आधार घेणे अप्रस्तुत होणार नाही, कारण तो नेमका दुकानदारीचाच आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. अचौर्य व्रताच्या पाच अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन. हीनाधिकमानोन्मान आहे, म्हणजे देताना कमी आणि घेताना जास्त मोजणे. आणि प्रतिरूपकव्यवहार आहे, म्हणजे चांगल्याच्या नावाने हलके देणे. या तिन्हींचा घासाघिशीशी निकट संबंध आहे. भाव सोडल्यावर मनात जी चुटपूट लागते, ती भरून काढण्याचे मोह याच तीन वाटांनी येतात. बिनबिलाची विक्री ही पहिली वाट. मीटरपट्टीवर कापड ताणून मोजणे ही दुसरी; तीन मीटरांत चार बोटे वाचतात आणि शिंप्याकडे गेल्यावर सदऱ्याची बाही आखूड पडते. दाखविले एक आणि बांधताना त्याच रंगाचे हलके ठाण काढले ही तिसरी. ज्या भावात प्रामाणिक माल व पुरे माप देता येत नाही, त्या भावाला ‘होय’ म्हणण्यापूर्वीच थांबावे; नंतर थांबता येत नाही.

सत्य व्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे, खोटा लेख करणे. “मलाच एवढ्याला पडले” असे शपथेवर सांगणे आणि त्यासाठी खोटे खरेदी-बिल पुढे करणे ही याचीच रूपे. सांकेतिक चिठ्ठी आणि हा प्रकार यांत भेद आहे. आपली खरेदी न सांगणे म्हणजे मौन. ती खोटी सांगणे म्हणजे असत्य. गिऱ्हाईक “तुम्हांला कितीला पडली?” असे विचारील तेव्हा “ते दुकानाचे गुपित, वहिनी, तुम्ही माल आणि भाव पाहा, मनास आले तर घ्या” असे हसून सांगता येते, आणि यात कोणी रागावल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

दोन प्रसंग विशेष अडचणीचे आहेत. पहिला सकाळच्या भवानीचा. पहिले गिऱ्हाईक परत जाऊ नये ही आपल्या सर्वांचीच भावना असते, आणि जाणकार गिऱ्हाइके नेमकी दुकान उघडताच येतात. भवानी म्हणून काही द्यायचे तर एखादा रुमाल द्यावा. भाव सोडू नये. सकाळी नऊला १,०२० ला गेलेली साडी दहाला १,०५० ला विकायची असते, आणि बुधवारी पहिले गिऱ्हाईक अजून दारातच बोलत उभे असते. गर्दीत एकाशी केलेली घासाघीस दहा जण ऐकतात. म्हणून बारा साड्यांसारखा मोठा सौदा असेल तर त्या मंडळींना आतल्या बाजूस बसवावे.

दुसरा प्रसंग आप्त, मित्र आणि साधर्मी बंधूंचा. यांना नाही म्हणवत नाही, आणि म्हणूही नये. परंतु भाव तोच ठेवून बिल पूर्ण करावे आणि जे द्यायचे ते भेट म्हणून वेगळे द्यावे, व ते विक्रीतून वजा न करता मालकाच्या घरखर्चाच्या खात्यावर लिहावे. असे केले की स्नेहाची किंमत वर्षाकाठी किती होते हे कळते, दुकानाच्या नफ्याचा आकडा खरा राहतो, आणि पुढच्या वेळी भावाने बहिणीला खरेदीच्या भावात दिले म्हणून नोकर आपल्या मित्रालाही तसेच देत नाही.

शेवटी एका लहान वहीविषयी. गल्ल्याजवळ एक वही ठेवावी आणि दिलेली प्रत्येक सवलत तीत लिहावी: तारीख, माल, विकणाऱ्याचे नाव, रक्कम आणि कारण. कारणाचा रकाना सर्वांत रुंद आखावा. महिनाअखेर मालकाने अर्धा तास ती वाचावी. ज्या ओळींत कारण कोरे आहे किंवा ‘फार मागे लागले’ असे लिहिले आहे, तेवढीच रक्कम व्यर्थ गेली असे समजावे. एकाच नोकराचे नाव पुन्हा पुन्हा आले तर त्याला रागावण्याआधी त्याच्याजवळ उभे राहून दोन विक्री पाहाव्या; बहुधा तो गिऱ्हाइकाच्या पहिल्या शब्दालाच शेवटचा भाव सांगत असतो. आणि एकाच जातीची साडी वरचेवर येत असेल, नोकर निरनिराळे असूनही, तर गिऱ्हाइकांचे बरोबर आहे आणि चिठ्ठी चुकलेली आहे. तिचा भाव येत्या बुधवारपूर्वी सर्वांसाठी उतरवावा.